लोकल सर्व्हिस अ‍ॅपला खरंच नेटवर्क इफेक्ट आहे का? बघताना या चुका टाळा

बुकिंग वाढलं की लगेच "नेटवर्क इफेक्ट चालू झाला" असं म्हणू नका, कारण जाहिरात आणि डिस्काउंटनेही बुकिंग वाढतंच. नेटवर्क इफेक्ट म्हणजे इलेक्ट्रिशियन वाढले की गिऱ्हाईकाला माणूस पटकन मिळतो आणि गिऱ्हाईकं वाढली की इलेक्ट्रिशियनचं काम वाढतं, आणि हे सगळं फक्त त्याच एरियात. शहराच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तुमचा फ्यूज बघायला येणार नाही, मग तो अ‍ॅपवर असून नसून सारखाच.

म्हणून सगळ्या शहराचा एकच आकडा बघणं ही पहिली चूक. समजा एका एरियात ३० इलेक्ट्रिशियन आहेत आणि आठवड्याला ६० रिक्वेस्ट येतात, सगळ्या पूर्ण होतात पण एकेकाच्या वाट्याला दोनच कामं. दुसऱ्या एरियात ५ जण आणि ७० रिक्वेस्ट, एक माणूस आठवड्याला आठच कामं करू शकतो, म्हणजे ४० होतात आणि ३० गिऱ्हाईकं हात हलवत परत जातात. बेरीज केली तर ३५ माणसं, १३० रिक्वेस्ट, सप्लाय भरपूर दिसतो, मग टीम शहरभर जाहिरात लावते आणि दुसऱ्या एरियात फक्त नाराज गिऱ्हाईकं वाढतात. तिथे आधी चार इलेक्ट्रिशियन जोडायला हवेत, जाहिरात पहिल्या एरियात लावा. आणि पहिल्या एरियात नवीन माणसं जोडणं थांबवाच, कारण दोन कामांत कोणाचं भागत नाही आणि ज्यांना बाहेर काम मिळतं ते चांगले लोकच आधी सोडून जातात.

आता खरी टेस्ट. एका एरियात इलेक्ट्रिशियन वाढवा, डिस्काउंट आणि जाहिरात आहे तेवढीच ठेवा, आणि रिक्वेस्ट पूर्ण व्हायचं प्रमाण, माणूस यायला लागणारा वेळ आणि जुन्या गिऱ्हाईकाचं परत बुकिंग हे तिन्ही काही आठवडे बघा. सुधारले तर इफेक्ट आहे, पण त्यालाही मर्यादा असते. दोन तासांचा वेळ अर्ध्या तासावर आला तर गिऱ्हाईकाला जाणवतं, अर्ध्या तासाचा पंचवीस मिनिटं झाला तर कोणाला फरक पडत नाही, आणि त्यापुढे प्रत्येक नवीन माणूस फक्त बाकीच्यांचं काम वाटून घेतो.

एक गोष्ट हमखास सुटते. गिऱ्हाईकाने पाच स्टार दिले आणि परत बुकच केलं नाही, असं एकाच माणसाच्या बाबतीत वारंवार दिसलं तर बहुतेक नंबर घेऊन थेट फोन चाललाय. घरसफाईसारख्या दर आठवड्याच्या कामात हे जास्त होतं, कारण एकदा विश्वास बसला की गिऱ्हाईकाला बाकीच्या माणसांची गरजच उरत नाही, मग अ‍ॅपवर कितीही सप्लाय असू दे. अचानक लागणाऱ्या कामात, जिथे दरवेळी आत्ता मोकळा कोण आहे हे शोधावं लागतं, तिथे इफेक्ट जास्त टिकतो.