परदेशी पदवीचे पैसे भरण्याआधी: अपोस्टिललाच मान्यता समजण्याची चूक टाळा

नोकरी सांभाळून पुढे शिकू पाहणाऱ्यांना इंदूरमध्ये हल्ली ‘दहा महिन्यांत अमेरिकन एमबीए’ अशा योजना दाखवल्या जातात. पीथमपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या, सुदामा नगरातल्या एका तरुणाने पैसे भरण्याआधी मला अशाच एका संस्थेची माहितीपुस्तिका आणून दाखवली. तिच्या शेवटच्या पानांवर चार कागद छापलेले होते: अपोस्टिल केलेल्या पदवीचा नमुना, आयएसओ ९००१ प्रमाणपत्र, अमेरिकेतल्या एका राज्यात कंपनी नोंदवल्याचा दाखला आणि एका ‘आंतरराष्ट्रीय अ‍ॅक्रेडिटेशन कौन्सिल’चे पत्र. हे चारही कागद अस्सल असू शकतात, आणि तरीही त्यांतल्या एकानेही पदवीला मान्यता मिळत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती अपोस्टिलमुळे. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे, एवढीच दुसऱ्या देशाला दिलेली ग्वाही. अमेरिकेत खासगी संस्थेची पदवी आधी नोटरीपुढे नेली जाते आणि मग त्या राज्याचे सचिव कार्यालय नोटरीच्या सहीवर अपोस्टिल लावते. म्हणजे त्या सुबक शिक्क्यामागे जे तपासले गेले ते नोटरीचे पद, विद्यापीठाचा अधिकार नव्हे. नमुन्यावरचा मजकूर नीट वाचला तर ‘सही करणारी व्यक्ती’ या रकान्यात नोटरीचेच नाव दिसले. आयएसओ ९००१ हे कामाच्या व्यवस्थापन पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, आणि कंपनीची नोंदणी तर कोणताही व्यवसाय करू शकतो.

उरले अ‍ॅक्रेडिटेशनचे पत्र. येथे विद्यापीठाच्या नावाइतकेच ते पत्र देणाऱ्या कौन्सिलचे नावही तपासावे लागते, कारण पदव्या विकणारेच अशा कौन्सिली उभ्या करतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची DAPIP ही यादी सर्वांसाठी खुली आहे. तिथे किंवा अ‍ॅक्रेडिटेशनवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी परिषदेच्या chea.org या संकेतस्थळावर विद्यापीठ शोधावे आणि त्याला अ‍ॅक्रेडिटेशन देणारी संस्थाही मान्यताप्राप्त आहे का, ते पाहावे. नाव अक्षरशः जुळले पाहिजे. नामांकित विद्यापीठाच्या नावात एखादा शब्द मागेपुढे करून ठेवलेली नावे वरवर पाहता ओळखू येत नाहीत. या तरुणाच्या बाबतीत विद्यापीठही सापडले नाही आणि कौन्सिलही नाही.

याहून अवघड प्रकार असा की, विद्यापीठ खरे असते, त्याच्या देशात मान्य असते, आणि तरीही हाती आलेली पदवी भारतात उपयोगी पडत नाही. अभ्यासक्रम एखाद्या स्थानिक केंद्राने किंवा एडटेक कंपनीने ‘सहयोगाने’ चालवलेला असला म्हणजे असे घडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाची मान्यता नसलेल्या अशा सहयोगांबद्दल जाहीर इशारा दिला, आणि एप्रिल २०२५ च्या समकक्षता नियमांतही फ्रँचायझी पद्धतीने मिळवलेल्या पदवीला मान्यता नाही. म्हणून केवळ ‘विद्यापीठ मान्य आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. ‘माझा प्रवेश, शिकवणी आणि परीक्षा कोण घेणार, आणि या सहयोगाला आयोगाची मान्यता कोणत्या पत्राने मिळाली’ हे ईमेलने विचारावे. फोनवर तासभर बोलणारा समुपदेशक याचे लेखी उत्तर टाळू लागला, तर मी पैसे भरू नका असेच सांगेन.

भारतीय विद्यापीठाची ऑनलाइन पदवी असेल तर आयोगाच्या deb.ugc.ac.in या संकेतस्थळावर पाहावे, पण तिथेही केवळ विद्यापीठाचे नाव सापडले म्हणून समाधान मानू नये. मान्यता विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि विशिष्ट सत्रासाठी असते. एमबीएला असलेली परवानगी दुसऱ्या विषयाला लागू होत नाही. ऑनलाइन पीएच.डी.ची जाहिरात दिसली तर पुढे तपासण्याचेही कारण नाही, कारण आयोग ती मान्यच करत नाही.

कोर्स पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राचा प्रश्न वेगळा आहे. ते पदवी नव्हेच, आणि खासगी कंपनी त्याला किती महत्त्व देते हा त्या कंपनीचा निर्णय. मात्र ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरील कोर्सचे क्रेडिट पदवीत धरून हवे असतील, तर ते सत्रातल्या अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत घेता येतात, त्यासाठी आपल्या महाविद्यालयाने तो कोर्स आधी मान्य केलेला असावा लागतो आणि देखरेखीखालची अंतिम परीक्षा द्यावी लागते. केवळ व्हिडिओ पाहून क्रेडिट मिळत नाहीत.

पैसे आधीच भरले असतील तर माहितीपुस्तिका, पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासने जपून ठेवावीत, परताव्याची मागणी ईमेलने करावी आणि दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. मान्यतेची खात्री होईपर्यंत ती पदवी सरकारी नोकरीच्या किंवा पुढच्या प्रवेशाच्या अर्जात लिहू नये.