लेट मार्कमुळे अर्ध्या दिवसाचा पगार गेला? या चुका टाळा

पुण्यातल्या बऱ्याच कंपन्यांत नियम साधारण असा असतो: ग्रेस दहा मिनिटांची आणि पगाराच्या एका चक्रात तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापायचा. कपात झाली की लोक थेट एचआरच्या टेबलावर जाऊन भांडतात. तिथे ऐकवलं जातं, "सिस्टिमने कापलंय." सिस्टिमने नेमकं काय मोजलं, हे मात्र बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. हजेरीचं चक्र एक तारखेलाच सुरू होईल असं नाही. कित्येक ठिकाणी ते मागच्या महिन्याच्या 21 तारखेपासून या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत धरतात. त्यामुळे "जुलैत मी दोनदाच लेट आलो" हे खरं असूनही निरुपयोगी ठरतं.

एक उदाहरण घेऊ. कात्रजहून भोसरी एमआयडीसीत जाणारा एक जण, पगार 26,000, शिफ्ट सकाळी 9 ची, जेवणाची सुट्टी सोडून कामाचे तास आठ. जुलैच्या स्लिपमध्ये त्याचा एक पूर्ण दिवस कापलेला दिसतो. पंच रिपोर्ट काढला तर 24 जूनला 9:14, 3 जुलैला 9:22 आणि 16 जुलैला 11:40. सोळा तारखेला उशीर मोठा असल्यामुळे अर्धा दिवस तिथेच लागला. पण त्याच पंचवर सिस्टिमने लेट मार्कही दिला, मार्क तीन झाले आणि आणखी अर्धा दिवस गेला. एकाच उशिराची ही दुहेरी कपात आहे. हाफ डे लागलेल्या दिवशी लेट मार्क धरायचा नाही, ही सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये करायची राहून जाते आणि वर्षानुवर्षं तशीच चालते. कंपनी पगाराला 26 ने भागत असेल तर दिवसाचे 1,000 होतात, म्हणजे 500 रुपये परत मिळायला हवेत. काही कंपन्या 30 ने भागतात. मग अर्ध्या दिवसाचे 433 होतात. भागाकार कुठला, हे आधी विचारून घ्या, नाहीतर बरोबर आकड्यावरही वाद होतो.

दुसरी चूक तर लोक जाणूनबुजून करतात. तिसरा मार्क लागला की "तसाही हाफ डे गेलाच" म्हणत दुपारी घरी निघून जातात. अशाने एकाच्या जागी दोन अर्धे दिवस जाण्याची शक्यता असते. लेट मार्कची कपात चक्राच्या शेवटी, मार्क मोजून होते. त्या दिवशी भरलेल्या तासांशी तिचा संबंध नसतो. संध्याकाळी तासभर जास्त बसलं म्हणून सकाळचा मार्कही आपोआप पुसला जात नाही. साहेबांनी बाहेरच्या कामाला पाठवलं असेल किंवा मशीनने बोट घेतलं नसेल, तर कटऑफच्या आत रेग्युलराइजची रिक्वेस्ट टाका आणि ती मंजूर झाली का तेही बघा. तोंडी "हो" पेरोलपर्यंत पोहोचत नाही.

आता समजा तिन्ही मार्क खरे आहेत: 14, 22 आणि 19 मिनिटं. एकूण 55 मिनिटं. तासाला 125 रुपयांनी याचे होतात साधारण 115, आणि कापले जातात 500. आधीच्या वेतन प्रदान कायदा, 1936 च्या कलम 9 चं तत्त्व असं होतं की गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच हवी. त्याच्या जागी आता लागू असलेल्या वेतन संहिता, 2019 मध्येही कलम 20 ला हेच आहे. मग वरचे 385 कशाचे? कंपनी त्याला दंड म्हणणार असेल, तर दंडाचे नियम वेगळे आहेत: एका वेतनकाळात मजुरीच्या 3 टक्क्यांपर्यंतच, आणि कामगाराला बाजू मांडायची संधी दिल्यावरच. मशीनने मार्क मोजून परस्पर कापणं या चौकटीत बसवणं अवघड आहे, असं माझं मत. कंपनीने पगाराऐवजी अर्धी सीएल वळती केली असेल तर मात्र पगारातून काही गेलेलं नसतं, त्यामुळे हा मुद्दा तसाच चालत नाही. तिथे रजेचं धोरण वाचावं लागतं.

एचआरला मेल करताना "अन्याय झाला" वगैरे लिहू नका. तारीख, पंचची वेळ, त्या दिवशी आधीच लागलेला हाफ डे आणि कापलेली रक्कम, एवढ्या चार गोष्टी लिहा आणि पंच रिपोर्ट जोडा. चूक मान्य झाली तर पैसे बहुधा पुढच्या पगारात एरिअर म्हणून येतात. ती स्लिप नीट बघा. कापलेला अर्धा दिवस दिवसांच्या हिशेबातच परत यायला हवा. नुसते 500 "इतर" नावाखाली आले, तर त्या अर्ध्या दिवसाच्या बेसिकवरचा पीएफ सुटू शकतो.