प्रबंधातला चौदा स्तंभांचा तक्ता एका स्लाइडवर कसा बसवायचा

प्रबंधाच्या सादरीकरणाची तयारी करणारे ज्युनिअर माझ्याकडे स्लाइड दाखवायला येतात, तेव्हा मी आधी निकालांचा तक्ता उघडायला सांगते. बाकीच्या स्लाइड थोड्याफार दुरुस्तीने सुधारतात. हा तक्ता मात्र प्रबंधातून जसाच्या तसा उचललेला असतो, आणि ज्या कामासाठी दोन वर्षं घातली ते काम नेमकं तिथे कुणालाच दिसत नाही. म्हणून एकच तक्ता घेऊन सगळं सांगते.

विषय होता काँक्रीटमध्ये सिमेंटच्या काही भागाऐवजी फ्लाय अॅश वापरण्याचा. मिश्रणं सहा: फ्लाय अॅश ०, १०, २०, ३०, ४० आणि ५० टक्के. स्तंभ चौदा: मिश्रणाचं नाव, सिमेंट, फ्लाय अॅश, पाणी, वाळू, खडी, पाणी-बाइंडर गुणोत्तर, सुपरप्लास्टिसायझर, स्लंप, आणि मग ३, ७, २८, ५६ व ९० दिवसांची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ. स्ट्रेंथच्या प्रत्येक चौकटीत ‘३९.८७ ± १.१२’ अशी नोंद. (इथले आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत, कल मात्र असाच दिसतो.)

हा तक्ता का बसत नाही, ते आधी मोजून बघा. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ९६० पॉइंट रुंद आणि ५४० पॉइंट उंच असते. दोन्ही बाजूंना ४० पॉइंट सोडले की उरतात ८८०. त्याचे चौदा भाग केले तर एका स्तंभाला जेमतेम ६३ पॉइंट येतात, आणि त्यातले १४ चौकटीच्या आतल्या समासातच जातात. ‘३९.८७ ± १.१२’ यात मोकळ्या जागा धरून बारा अक्षरं आहेत. एका अक्षराची रुंदी साधारण फाँटच्या आकाराच्या निम्मी धरली, तर ही नोंद एका ओळीत बसवायला फाँट ८ पॉइंटचा करावा लागतो. माझ्या मते स्लाइडवरच्या तक्त्यात २० पॉइंटच्या खाली जाऊ नये. म्हणजे अडचण ओळींची नाहीच. शीर्षकाची जागा सोडूनही २० पॉइंटच्या दहा-बारा ओळी आरामात बसतात. गर्दी होते ती आडवी. त्यामुळे कात्री आधी स्तंभांना लावायची.

कुठला स्तंभ काढायचा हे ठरवण्यासाठी आधी एक वाक्य लिहा: हा तक्ता काय सांगतो? इथे ते वाक्य असं निघालं: ‘फ्लाय अॅश ३० टक्क्यांपर्यंत असेल तर स्ट्रेंथ ७ दिवसांना मागे पडते, पण ९० दिवसांना बरोबरीला येते.’ हेच स्लाइडचं शीर्षक. ‘निकाल’ किंवा ‘तक्ता ४.३’ असं शीर्षक दिलं की आकड्यांतून अर्थ शोधायचं काम समोरच्यांवर पडतं, आणि त्यांच्याकडे त्यासाठी मिनिटभरही नसतो.

वाक्य लिहून झालं की स्तंभ आपोआप वेगळे होतात. पाणी-बाइंडर गुणोत्तर सगळ्या मिश्रणांत ०.४५च होतं. जो आकडा कुठल्याच ओळीत बदलत नाही त्याला स्तंभ कशाला? तो तक्त्याखाली एका ओळीत जातो. वाळू, खडी, पाणी, सुपरप्लास्टिसायझर हे कृतीचे तपशील आहेत, निकालाचे नाहीत. सिमेंट आणि फ्लाय अॅशचं वजन टक्केवारीत आलंच, आणि मिश्रणाला दिलेलं ‘एफ-३०’सारखं नावही मग लागत नाही. स्लंप महत्त्वाचा आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. स्ट्रेंथच्या पाच वयांपैकी ७, २८ आणि ९० दिवस ठेवले: सुरुवात, नेहमीचं प्रमाण वय आणि शेवट. ३ आणि ५६ दिवसांचे आकडे त्याच कलाचे मधले टप्पे आहेत.

ओळी काढताना मात्र सांभाळून. १० टक्क्यांची ओळ काढली, कारण ती ० आणि २०च्या मधेच पडते. ५० काढली, कारण मर्यादा ओलांडल्यावर काय होतं ते ४० दाखवतेच. पण ४० काढायची नाही. ती गेली तर तक्ता दिसायला छान होईल, आणि फ्लाय अॅश कितीही घाला, चालतं असा खोटा अर्थ निघेल. आपल्या वाक्याची हद्द दाखवणारी ओळ कितीही गैरसोयीची असली तरी राहिलीच पाहिजे. तुलनेचा आधार असलेली ० टक्क्यांची ओळही तशीच, आणि ती सगळ्यात वर.

आता दशांश. तीन क्यूबची सरासरी काढली आहे आणि त्यांच्यात आपापसातच एक-दोन एमपीएचा फरक आहे. मग ३९.८७ मधल्या ८७ला काय अर्थ? सरळ ४० लिहा. याने जागा वाचते, आणि आणखी एक फायदा होतो: ४५ आणि ४६ एकाखाली एक आले की ‘वाढली’ म्हणायचा मोह होत नाही, ‘बरोबरीला आली’ असंच म्हणावं लागतं, आणि खरं तेच आहे. गुणोत्तर किंवा टक्के काढायचे असतील तर मूळ आकड्यांवरून काढा आणि मगच पूर्णांकात आणा. प्रमाण विचलन मात्र गुपचूप गाळू नका. तळाशी एका ओळीत सांगा.

स्लाइडवर शेवटी राहिलं ते एवढं:

| फ्लाय अॅश (%) | ७ दिवस | २८ दिवस | ९० दिवस |
|---:|---:|---:|---:|
| ० | २९ | ४० | ४५ |
| २० | २४ | ३७ | ४७ |
| ३० | २० | ३४ | ४६ |
| ४० | १६ | २८ | ३९ |

खाली बारीक, पण १६ पॉइंटच्या आत नाही: ‘कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ, एमपीए. ३ क्यूबची सरासरी, प्रमाण विचलन २ पेक्षा कमी. पाणी-बाइंडर गुणोत्तर ०.४५. १० व ५० टक्के बॅकअप स्लाइडवर.’

एकक प्रत्येक चौकटीत लिहायचं नाही. ज्या आकड्यांची तुलना करायची ते एकाखाली एक हवेत आणि उजवीकडे जुळवलेले, म्हणजे एककाखाली एकक, दशकाखाली दशक येतं. उभ्या रेषा सगळ्या काढून टाका. शीर्षओळीच्या वर-खाली आणि तक्त्याच्या तळाशी अशा तीन आडव्या पुरतात. ठळक फक्त एक ओळ, हवी तर मागे फिकट रंग. चांगलं हिरवं आणि वाईट लाल असं रंगवू नका. ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी तो भेद उरतच नाही.

तक्ता स्लाइडवर नव्याने टाइप करा. एक्सेलमधून चित्र म्हणून चिकटवला की कोपरा ओढून तो लहान करता येतो, आणि फाँट किती बारीक झाला हे आकड्यांत कुठे दिसतच नाही. खरा तक्ता असेल तर ओळ अक्षरांपेक्षा कमी उंचीची होत नाही; तो स्लाइडच्या खाली सांडायला लागतो आणि अजून काहीतरी काढायला हवं हे लगेच कळतं.

मग अंतराची परीक्षा. पडदा २ मीटर रुंद आणि शेवटची रांग १० मीटरवर असेल, तर अंतर पडद्याच्या रुंदीच्या पाचपट झालं. लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर दाखवलेली स्लाइड ३० सेंटिमीटर रुंद असेल तर दीड मीटर मागे उभं राहून वाचा. तक्ता स्वतः बनवलेल्या माणसाला आकडे पाठ असतात, म्हणून हे वाचन दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. त्याला प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणता आली पाहिजे.

एक प्रश्न नेहमी येतो: याचा आलेखच का नको? स्ट्रेंथ दिवसांगणिक कशी चढते हे दाखवायचं असेल तर रेषालेखच चांगला, आणि तिथे पाचही वयं परत घ्या. पण परीक्षक ‘३० टक्क्यांना २८ दिवसांचा आकडा किती?’ असं विचारणार असतील, तर तो अक्षावरून अंदाजाने सांगण्यापेक्षा तक्ता बरा.

मूळचा चौदा स्तंभांचा तक्ता शेवटच्या स्लाइडनंतर बॅकअप म्हणून ठेवा, तोही दोन भागांत: मिश्रणांचे तपशील एका स्लाइडवर, सगळ्या स्ट्रेंथ विचलनासह दुसऱ्यावर. त्या स्लाइडचे क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवा. सादरीकरण चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की पॉवरपॉइंट थेट त्या स्लाइडवर जातं. मधल्या स्लाइड सरकवत बसावं लागत नाही.