सहा तासांतले पहिले दोन: फूड हँडलर टेस्टमधलं कूलिंग कसं समजून घ्यायचं (आणि गोव्याच्या किचनमध्ये कसं करायचं)

शिपवर जायची तयारी करणारी आपल्याकडची पोरं, कळंगुट-बागाच्या हॉटेलांत लागलेली पोरं, घरून टिफिन चालवणाऱ्या बायका, सगळ्यांना कधी ना कधी फूड हँडलरची टेस्ट द्यावी लागते आणि त्यात डेंजर झोनचे, म्हणजे ज्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात त्याचे, आकडे बहुतेक जण पाठ करून जातात. आकडे पाठ असतात पण कूलिंगचा प्रश्न जरा फिरवून विचारला की मार्क जातात, कारण घड्याळ कुठून सुरू होतं आणि कुठे थांबतं तेच डोक्यात पक्कं बसलेलं नसतं. म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून फक्त कूलिंग घेऊया.

आधी हद्दी. अमेरिकन फूड कोडप्रमाणे डेंजर झोन 5 ते 57 डिग्री सेल्सिअस, फॅरनहाइटमध्ये 41 ते 135. क्रूझवाले ज्याला यूएसपीएच म्हणतात त्या जहाजांच्या अमेरिकन आरोग्य इन्स्पेक्शनलाही हेच आकडे. आपल्या एफएसएसएआयच्या फोस्टॅक ट्रेनिंगमध्ये 5 ते 60 शिकवतात, अमेरिकेतच घरगुती स्वयंपाकासाठी जो सल्ला देतात त्यात 40 ते 140 फॅरनहाइट असतं, आणि ब्रिटनच्या कोर्सला गरमाची हद्द 63. यातला एक बरोबर आणि बाकीचे चूक असं काही नाही, नियम करणारे वेगळे म्हणून आकडे वेगळे. टेस्टला बसायच्या आधी आपली टेस्ट कोणाची आहे ते बघायचं आणि तोच एक सेट डोक्यात ठेवायचा, दोन सेट मिसळले की पर्यायांमध्ये 57 आणि 60 दोन्ही दिसतात आणि गोंधळ होतो. इथून पुढे मी 5 आणि 57 धरून लिहितोय.

आता मुख्य नियम. शिजवलेलं जेवण 57 वरून 21 वर दोन तासांच्या आत आलं पाहिजे, आणि 57 वरून 5 वर एकूण सहा तासांच्या आत. फॅरनहाइटवाल्या टेस्टमध्ये हेच 135, 70 आणि 41 असं येतं. दोन टप्पे का? तर शिजवताना जंतू मरतात पण काहींचे बीजाणू मरत नाहीत. मटण-चिकनच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, भातात बॅसिलस सेरियस. हे बीजाणू उकळीतून वाचतात आणि जेवण कोमट झालं की जागे होतात. परफ्रिंजेन्स तर 43 ते 47 डिग्रीच्या आसपास इतक्या झपाट्याने वाढतो की साधारण दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. 21 च्या खाली आला की वेग खूप पडतो. म्हणून वरच्या टप्प्याला फक्त दोन तास, खालच्याला जास्त सवलत.

टेस्टवाले पकडतात ते इथेच. "21 वर एका तासात आलं, आता 5 वर यायला किती तास उरले?" बरेच जण चार म्हणतात, उत्तर पाच, कारण एकूण सहा मोजायचे असतात. पण उलटं चालत नाही हां, पहिल्या टप्प्याला अडीच तास घेतले आणि दुसरा साडेतीन तासांत संपवला, बेरीज सहा झाली, तरी फेल. दुसरी पकड म्हणजे घड्याळ गॅस बंद केल्यावर सुरू होत नाही, जेवण 57 च्या खाली उतरायला लागलं की सुरू होतं. आणि तिसरी, दोन तासांत 21 आलंच नाही तर काय? तर ताबडतोब परत 74 डिग्री, म्हणजे 165 फॅरनहाइट, गरम करून कूलिंग पहिल्यापासून सुरू करायचं, नाहीतर टाकून द्यायचं. हा बचाव पहिल्या टप्प्यापुरताच शिकवतात. सहा तास उलटून गेले आणि 5 आलं नाही तर उत्तर एकच, टाकून द्या.

आता गोव्याची गोष्ट, आणि माझ्या मते हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांत सांगायला हवं. आपल्या किचनमध्ये दुपारी 30-32 डिग्री असतात, एप्रिल-मेमध्ये शेगडीजवळ त्याहून जास्त. टोप ओट्यावर ठेवून "निवू दे" म्हटलं तर तो खोलीच्या तापमानाच्या खाली जाणारच नाही. म्हणजे 21 डिग्री आपल्याकडे ओट्यावर कधीच येत नाही, दोन तासांत नाही आणि रात्रभरातही नाही! थंड देशात हिवाळ्यात खिडकीशी ठेवलेलं भांडं निवत असेल, इथे बर्फ किंवा ब्लास्ट चिलर लागतोच, त्याला पर्याय नाही.

एक उदाहरण पूर्ण बघूया. रेस्टॉरंटमध्ये 15 लिटर चिकन शागुती केली, उद्याच्या पार्टीसाठी. दुपारी दीडला गॅस बंद. मोठा स्टीलचा टोप, वर झाकण तिरकं. तीन वाजता मधोमध थर्मामीटरचा प्रोब घातला तर 57, म्हणजे घड्याळ तीनला सुरू. चारला 50. पाचला 45. दोन तास संपले आणि जेवण नेमकं परफ्रिंजेन्सला आवडतं तिथे बसलंय, वरून हात लावला तर टोप बाहेरून नुसता कोमट लागतो आणि वास एकदम फर्स्ट क्लास. वासावर जायचं नाही, हा जंतू वाढला तरी वास-चव बदलेलच असं नाही. पाचला निर्णय घ्यायचा: परत गरम किंवा टाका.

गरम करायचं ठरवलं तर मोठ्या बर्नरवर, तळापासून सारखं ढवळत, सगळीकडे 74 येईपर्यंत, मंद आचेवर रेंगाळायचं नाही. समजा 5.25 ला 74 झालं. आता टोपातच ठेवलं तर परत तीच कथा, म्हणून शागुती तीन मोठ्या चपट्या स्टील ट्रेमध्ये ओतायची, प्रत्येकी पाच लिटर, थर साधारण चार सेंटीमीटर. घट्ट जेवणाचा थर पाच सेंटीमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण शागुतीसारख्या दाट रश्श्यात उष्णता आतून बाहेर फार हळू येते, थर दुप्पट झाला की वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. टेस्टमध्ये "शॅलो पॅन" हे उत्तर का बरोबर असतं त्याचं कारण हेच. स्टील घ्यायचं, प्लास्टिकचा डबा उष्णता धरून ठेवतो.

मग बर्फाचं पाणी. धुतलेलं सिंक किंवा मोठी खोल ट्रे घ्यायची, त्यात बर्फ आणि पाणी दोन्ही, नुसता बर्फ नको, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि ट्रेला नीट चिकटत नाही. पाण्याची पातळी बाहेरून रश्श्याच्या पातळीइतकी यायला हवी पण काठावरून आत जाता कामा नये. 15 लिटर 74 वरून 21 वर आणायचे तर हिशोबाने साडेआठ किलोच्या आसपास बर्फ वितळतो, आणि किचनची उष्णता धरून बारा किलो तरी हाताशी ठेवा, अर्ध्यात संपला की सगळं अडकतं. जेटीवरून किंवा मासळीवाल्याकडून आणलेला लादीचा बर्फ भांड्याच्या बाहेरून वापरायला चालेल, पण त्याचं पाणी जेवणात पडता कामा नये. रश्श्यातच बर्फ टाकायचा असेल तर तो पिण्याच्या पाण्याचाच, आणि तेवढं पाणी मूळ मापात आधीच कमी केलेलं असलं पाहिजे, नाहीतर शागुती पाणचट होते.

दर दहा मिनिटांनी स्वच्छ चमच्याने ढवळायचं. 5.40 ला 57, घड्याळ परत सुरू. 6.50 ला प्रोब 21 दाखवतो, एक तास दहा मिनिटं, पास. आता ट्रे फ्रिजमध्ये, एकावर एक न ठेवता, मध्ये हवा फिरेल अशा, झाकण सैल किंवा अर्धवट, वरच्या कप्प्यात, म्हणजे वरून काही टपकणार नाही. पूर्ण गार झाल्यावर झाकण घट्ट. 5 वर यायची शेवटची वेळ रात्री 11.40, आणि पावणेअकराला 4 डिग्री दिसलं तर काम झालं. वही किंवा शीटवर चारच नोंदी पुरतात: 57 ची वेळ, दोन तासांनंतरचा आकडा, सहा तासांनंतरचा आकडा, सही.

प्रोब नेहमी सगळ्यात जाड जागी मधोमध, ट्रेच्या तळाला टेकवायचा नाही, तिथे बर्फामुळे खोटा कमी आकडा येतो. आणि प्रोब बरोबर आहे का ते बघायला ग्लासभर कुटलेला बर्फ, थोडं पाणी, ढवळून प्रोब मधे धरायचा, 0 आलं पाहिजे. 3 दाखवत असेल तर तुमचा 21 खरा 18 आहे. त्यात निदान चूक सुरक्षित बाजूची. उणे 3 दाखवणारा प्रोब मात्र घातक, तो 24 ला 21 म्हणणार.

गरमागरम टोप तसाच फ्रिजमध्ये ढकलायची सवय बऱ्याच किचनमध्ये आहे. त्याने टोप तर लवकर निवत नाहीच, वर शेजारची कोळंबी आणि दूध 5 च्या वर जातात, म्हणजे एका भांड्यासाठी पूर्ण फ्रिज डेंजर झोनमध्ये.

भाताचं वेगळं सांगतो, कारण "परत गरम केलं की झालं" हे तिथे चालत नाही. बॅसिलस सेरियस भातात जे विष सोडतो त्यातलं उलटीवालं विष 74 ला काय, उकळीलाही मोडत नाही. म्हणून बाहेर राहिलेला उकडा भात सकाळी फोडणीला टाकणं म्हणजे जंतू मारणं, विष तसंच. भात मोठ्या पातेल्यात ढिगाने ठेवू नका, परातीत पातळ पसरा आणि परात बर्फावर ठेवा.

अजून एक प्रश्न हमखास येतो: शिजवलेलं नाही, खोलीच्या तापमानाच्या सामानातून केलेलं, उदाहरणार्थ डब्यातल्या ट्यूनाचं सॅलड. ते 57 वरून येतच नाही, तेव्हा पहिला टप्पा नाही, आणि त्याला 5 वर यायला चार तास मिळतात, सहा नाही. पर्यायात दोन्ही असतात, प्रश्नात "कुक्ड" शब्द आहे का ते आधी शोधा.

शेवटी ट्रेवर पट्टी लावायची: काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत वापरायचं. फूड कोडप्रमाणे 5 डिग्री किंवा खाली ठेवलेलं जास्तीत जास्त सात दिवस, आणि केलेला दिवस हा पहिला दिवस धरतात. सोमवारी केलेली शागुती रविवारी संपली पाहिजे, सोमवारी नाही.