चांदीत दिसलं, मास स्पेकमध्ये हरवलं

जेलमधला माझ्या प्रथिनाचा बँड कूमासी या नेहमीच्या निळ्या रंगात दिसेना. साधारण दहा नॅनोग्रॅमखाली तो रंग हात टेकतो. सिल्व्हर स्टेनमध्ये, म्हणजे चांदीने रंगवल्यावर, मात्र ठसठशीत उमटला, म्हणून कापून प्रथिन ओळखायला मास स्पेकला, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला दिला. प्रथिनाचा एकही तुकडा, म्हणजे पेप्टाइड, मिळालं नाही!

दोष सिल्व्हर स्टेनच्या किटमधल्या ग्लुटारअल्डिहाइडचा निघाला. ते प्रथिनातल्या लायसिनांना एकमेकांत गुंतवतं. मग प्रथिनाची पेप्टाइडं करणारं ट्रिप्सिन हे विकर तिथे कापणार कसं?

पुढचं जेल फक्त मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्लात फिक्स केलं, संवेदनशीलतेसाठी ०.०२ टक्के सोडियम थायोसल्फेट एकच मिनिट. चांदी उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये थोडं फॉर्मअल्डिहाइड लागतंच आणि तेही प्रथिनांना गुंतवू शकतं, त्यामुळे बँड दिसताच थांबवलं. पार्श्वभूमी जरा पिवळट राहिली, चालतं. कापलेल्या तुकड्यांतली चांदी पोटॅशियम फेरिसायनाइड-थायोसल्फेटने काढून, पिवळेपणा जाईपर्यंत धुतलं. या वेळी सात पेप्टाइडं मिळाली. बँड कूमासीत दिसत असेल, तर मी चांदीच्या वाटेला जात नाही.