बोर्डासमोर एमटीटीडी दाखवताय? मग या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, चिकोडी पट्ट्यातल्या सहकारी बँकांच्या बोर्डावर कोण असतात ते आपल्याला माहितीय, कुणी व्यापारी, कुणी वकील, कुणी उद्यमबागेत फाउंड्री चालवणारा. कॉम्प्युटरमधलं त्यांना फार कळत नसेल, पण थकबाकी कशी झाकली जाते हे बरोबर कळतं. अशा लोकांसमोर "फायरवॉलने या तिमाहीत 42 लाख हल्ले रोखले" अशी स्लाइड लावली की कुणीतरी विचारणारच, "मागच्या खेपेला 30 लाख होते की, मग आता वाढले ते चांगलं काय वाईट ओ?" याला उत्तरच नाही, कारण त्यातले बहुतेक म्हणजे इंटरनेटवर रात्रंदिवस चालणारे ऑटोमॅटिक स्कॅन, ते कुणालाही येतात. आकडा दुप्पट झाला काय नि निम्मा झाला काय, बोर्ड वेगळं काही ठरवणार नसेल तर ती स्लाइड काढून टाका.

खरा घोळ एमटीटीडीत, म्हणजे मीन टाइम टू डिटेक्टमध्ये होतो, कारण तो आकडा दिसायला एकदम प्रामाणिक असतो. घुसखोरी सुरू झाल्यापासून ती आपल्या लक्षात येईपर्यंत सरासरी किती वेळ गेला, एवढाच त्याचा अर्थ.

घड्याळ कुठून सुरू केलं ते बघा

समजा एका बँकेत तिमाहीत 10 घटना झाल्या. त्यातल्या 9 साध्या, ब्रँचच्या पीसीत पेनड्राइव्हमधून व्हायरस आला वगैरे, प्रत्येक घटना साधारण 2 तासांत पकडली. दहावी मात्र वेगळी, सॉफ्टवेअर वेंडर बाहेरून बँकेच्या नेटवर्कमध्ये यायला वापरतो त्या व्हीपीएन अकाउंटचा पासवर्ड चोरीला गेला होता आणि कुणीतरी 45 दिवस आत येऊन-जाऊन होतं.

आता टीमने अलर्ट वाजल्यापासून वेळ मोजला, 9 घटनांत 10-10 मिनिटं आणि दहावीत 20 मिनिटं, तर सरासरी येते 11 मिनिटं. स्लाइडवर झकास दिसतं! पण हा अलर्ट उचलायचा वेळ झाला, शोधायचा नाही. डॅशबोर्डवर तयार मिळणारा आकडा बऱ्याचदा हाच असतो कारण टूलला तिकीट, म्हणजे घटनेची नोंद कधी उघडली तेवढंच माहीत असतं, चोर कधी शिरला ते लॉग म्हणजे सिस्टिममधल्या नोंदी चाळून माणसालाच शोधावं लागतं. तसं शोधून मोजलं की 9 घटनांचे 18 तास आणि दहावीचे 1080 तास, म्हणजे सरासरी जवळजवळ साडेचार दिवस.

मग कुणी शहाणा म्हणतो, सरासरी नको, मधला आकडा म्हणजे मेडियन घेऊया. तो येतो 2 तास आणि दहावी घटना गायबच होते. तिमाही तीच, आकडे तीन. म्हणून बोर्डाला मेडियन द्या, पण त्याच्याच शेजारी सगळ्यात वाईट घटना एका ओळीत लिहा, ती कुणी पकडली हेपण. आपल्या टीमने पकडली का ग्राहकाची तक्रार आल्यावर कळलं, यात फार फरक आहे. आणि खोटे अलर्ट पाच मिनिटांत बंद करून ते सरासरीत घालायची सवय असेल तर ती आधी मोडा, त्याने आकडा कितीही खाली आणता येतो.

लॉग कमी तर आकडा चांगला

ही चूक लवकर ध्यानात येत नाही. वरच्याच बँकेने व्हीपीएनचे लॉग 30 दिवसच ठेवले असते तर घुसखोरी 30 दिवसांपूर्वीची वाटली असती आणि सरासरी साडेचारवरून तीन दिवसांवर आली असती, म्हणजे पुरावा पुसला गेला म्हणून प्रगती दिसली. सायबर घटना हाताळणारी सरकारी संस्था सर्ट-इन, तिच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचेच आहेत. तरी एखाद्या घटनेची सुरुवात लॉगच्या पहिल्याच दिवशी जाऊन अडकत असेल तर "180 दिवस" असं न लिहिता "किमान 180 दिवस" असं लिहा. ज्या सर्व्हरचे लॉग येतच नाहीत तिथं तर काही सापडणारच नाही, म्हणून महत्त्वाच्या किती सिस्टिमचे लॉग येतात हा आकडा एमटीटीडीच्या वरच पाहिजे.

अजून एक बारीक गोष्ट, एखाद्या ब्रँचच्या सगळ्याच घटनांना साडेपाच तास जास्त दिसायला लागले किंवा वेळ मायनसमध्ये आली तर टीमला झापू नका, तिथल्या डिव्हाइसचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर आहे का ते बघा. आणि घटना कधी झाली नि आपल्याला कधी कळली या दोन्ही वेळा वेगळ्या नोंदवा, सर्ट-इनला कळवायचे 6 तास कळल्यापासून मोजतात.

आकडा वाढला म्हणून घाबरू नका

जुने लॉग नीट चाळायला घेतले की पहिल्या तिमाहीत एमटीटीडी वाढतोच, कारण महिनोन्महिने लपलेलं काहीतरी सापडतं आणि त्याचे सगळे दिवस याच तिमाहीत मोजले जातात. चेअरमन साहेब म्हणणार, पैसे दिले नि आकडा बिघडला काय? त्यामुळं हे काम सुरू करायच्या आधीच्या मीटिंगमध्येच सांगून ठेवा, आणि जुन्या सापडलेल्या घटना दोन-तीन तिमाही वेगळ्या ओळीत दाखवा.