पोट मोजण्याआधी लघवीला पाठवा

ऐरोलीत ३४ आठवड्यांच्या एका ताईंचं पोट ३७ सेंमी भरलं. तासभर बसमध्ये होत्या त्या. लघवी करून आल्यावर टेप ३४ वर आली. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं.

गर्भाशयाचा वरचा काठ डाव्या तळहाताच्या कडेने शोधा, तिथून जांघेच्या मधल्या हाडापर्यंत मोजा. मग दोन्ही कुशी चाचपा. एकीकडे सलग पाठ, दुसरीकडे हातापायांचे उंचवटे लागले, तर बाळ उभं आहे. खाली कठीण, गोल लागतं ते डोकं. हाडाच्या वर त्याची पाच बोटं रुंदी लागली तर ते अजून वरच आहे; दोन किंवा कमी लागली तरच बसलं समजा. मध्येच पोट कडक झालं तर थांबा, सैल होऊ द्या.